‘भिन्नक्षम’ नको, मग काय म्हणावे?

ताई, नमस्कार. मी शिरपूर तालुक्यातील एका गावात सार्वजनिक वाचनालयाची सचिव आहे. ३ डिसेंबरच्या कार्यक्रमासाठी आम्ही ‘भिन्नक्षम बंधू-भगिनींचा सत्कार’ असा फलक छापून घेतला. लहानपणी पोलिओ झालेला आणि आता तीनचाकी सायकल वापरणारा गावातील एक तरुण सत्काराला नाही म्हणाला. वर म्हणतो, “ताई, माले भिन्नक्षम म्हनू नका. अपंग म्हना, चाली. पन वाचनालयन्या त्या चार पायऱ्यास्नं काय, ते पह्यले सांगा.” आमचा हेतू मान देण्याचाच होता, मग त्याला राग का यावा? पूर्वी सगळे अपंग म्हणत, मग विकलांग आले, आता सरकारी कागदावर दिव्यांग असते. आम्ही नेमके काय लिहावे?
– एक वाचक, शिरपूर तालुका

सप्रेम नमस्कार.

त्या तरुणाचा राग तुमच्या हेतूवर नाही. तुमच्या फलकाने त्याच्या क्षमतेविषयी एक चांगले वाक्य लिहिले, आणि त्याला अडचण होती ती पायऱ्यांची. ‘भिन्नक्षम’, ‘विशेष क्षमता असलेले’, ‘विशेष व्यक्ती’ या सगळ्या शब्दांवर अपंग व्यक्ती आणि त्यांच्या संघटना अनेक वर्षांपासून हीच तक्रार करत आहेत. हे शब्द कौतुक करतात आणि ते करताना मागणी नजरेआड होते.

हे पडताळून पाहण्याची एक सोपी रीत आहे. जो शब्द आपण फलकावर लिहितो, तोच एखाद्या अर्जात लिहून पाहावा. ‘मी भिन्नक्षम असल्यामुळे माझे परीक्षा केंद्र तळमजल्यावर असावे’ हे वाक्य वाचणाऱ्या लिपिकाला काहीच सांगत नाही. क्षमता वेगळी असेल तर तळमजला कशाला, असा प्रश्न त्याच्या मनात आला तर त्याला दोष देता येणार नाही, कारण वाक्यातील कारण आणि मागणी यांचा एकमेकांशी संबंधच लागत नाही. ‘मला अस्थिव्यंग आहे, मी पायऱ्या चढू शकत नाही, आणि केंद्राच्या इमारतीला उद्वाहक किंवा रॅम्प नाही, म्हणून केंद्र तळमजल्यावर असावे’ असे लिहिले की शरीराची स्थिती, इमारतीतील अडथळा आणि करावयाची तजवीज या तिन्ही गोष्टी एका ओळीत येतात, आणि नकार द्यायचाच झाला तर लिपिकाला तो कशाला देतो आहोत हे लिहावे लागते. जळगावात प्रमाणपत्रांच्या कामात मदत करताना मी लोकांना अर्जाची ओळ अशीच लिहायला सांगते. ‘भिन्नक्षम’ हा शब्द आजवर एकाही अर्जात कामाला आलेला मी पाहिलेला नाही.

हा शब्द मुळात आपल्याकडचा नाही. तो १९८०च्या दशकात अमेरिकेत रुळलेल्या ‘डिफरंटली एबल्ड’ या शब्दाचा अनुवाद आहे. तिथे त्या काळी ‘हँडिकॅप्ड’ हा शब्द कायद्यात आणि बोलण्यात सर्रास होता. तो हीनतेचा वाटू लागला, तेव्हा अपंग नसलेल्या लोकांनी त्यावर हा सौम्य पर्याय सुचवला. पण अपंगांच्या चळवळीने तोवर वेगळाच रस्ता धरला होता. ब्रिटनमध्ये १९७६ साली शारीरिक अपंगत्व असलेल्या कार्यकर्त्यांच्या एका संघटनेने आपली मूलतत्त्वे जाहीर केली आणि त्यांत एक भेद स्पष्ट मांडला. पाय अधू असणे, डोळ्यांना न दिसणे ही शरीराची उणीव झाली. अपंगत्व मात्र ती नव्हे, समाजाने आपल्या रचनेमुळे त्या माणसावर लादलेली अडवणूक म्हणजे अपंगत्व. या अर्थाने पाहिले तर ‘मी अपंग आहे’ हे वाक्य लाजेचे उरत नाही, ते समाजावरचे आरोपपत्र होते. तुमच्या गावच्या तरुणाने ‘अपंग म्हना, चाली’ म्हटल्यानंतर लगेच पायऱ्यांचा विषय काढला, त्यामागे हाच विचार आहे, मग त्याने तो कुठे वाचलेला असो वा नसो. संयुक्त राष्ट्रांच्या जिनिव्हा कार्यालयाने भाषेविषयी जी मार्गदर्शक सूचना काढली आहे, तीतही ‘डिफरंटली एबल्ड’ हा शब्द टाळावा असे स्पष्ट म्हटले आहे.

आणखी एक सल आहे, आणि ती मला जास्त खोल वाटते. भिन्नक्षम म्हटले की ‘भिन्न क्षमता’ दाखवण्याची जबाबदारी त्या माणसावर येते. अंध असेल तर त्याने गावे, हात नसेल तर पायाने चित्र काढावे, निदान व्यासपीठावर येऊन जिद्दीची गोष्ट सांगावी, अशी अपेक्षा न बोलता तयार होते. ज्याला अशी कोणतीही कला नाही, जो सरळ शेतमजुरी किंवा दुकानदारी करतो, त्याचे या शब्दात स्थान कोणते? तीव्र बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलीची आई, जिला रोज आंघोळ घालण्यापासून घास भरवण्यापर्यंत सगळे करावे लागते, तिला ‘तुमची मुलगी भिन्नक्षम आहे’ असे सांगणे म्हणजे तिच्या कष्टांकडे पाठ फिरवणे आहे. तिला मुलीसाठी पालकत्वाची कायदेशीर सोय हवी असते, निरामय योजनेचा आरोग्य विमा हवा असतो, आपल्यानंतर मुलीचे काय याचे उत्तर हवे असते.

आता सरकारी शब्दांकडे वळते. तुम्ही लिहिलेला अपंग, विकलांग, दिव्यांग हा क्रम बरोबर आहे, पण त्याच्या आत दोन वेगळे प्रवाह आहेत आणि ते एकमेकांत मिसळले की गोंधळ होतो. एका प्रवाहात फक्त नाव बदलते. दुसऱ्यात व्याख्या बदलते, म्हणजे कोण मोजला जाईल आणि कोणाला काय मिळेल हे बदलते. लोकांचे लक्ष पहिल्याकडे जाते. आयुष्य बदलते ते दुसऱ्याने.

इंग्रजी अमदानीतील जनगणना १९३१ पर्यंत वेडे, बहिरे-मुके, आंधळे आणि महारोगी अशा चार रकान्यांत माणसे मोजत होती. १९४१ पासून हा प्रश्नच गळाला. तो १९८१ साली परत आला, कारण ते संयुक्त राष्ट्रांचे अपंग वर्ष होते. पण विचारले गेले ते एवढेच, की घरात कोणी पूर्णपणे आंधळा, पूर्णपणे मुका किंवा पूर्णपणे पांगळा आहे काय. त्यातला ‘पूर्णपणे’ हा शब्द लक्षात ठेवा. एका डोळ्याने अंधुक दिसणारी बाई त्यात बसत नाही, कुबडी घेऊन चालणारा माणूस बसत नाही, बहिरा पण बोलणारा मुलगा बसत नाही. त्या मोजणीत सगळ्या देशात सुमारे ११ लाख माणसे निघाली. १९९१ मध्ये प्रश्न पुन्हा वगळला गेला आणि अपंगांच्या संघटनांनी रेटा लावल्यावर २००१ मध्ये तो आला, या वेळी पाहणे, ऐकणे, बोलणे, हालचाल आणि मानसिक अशा पाच प्रकारांत, ‘पूर्णपणे’ हा शब्द काढून. आकडा २ कोटी १९ लाख झाला. वीस वर्षांत देशात इतके अपंग वाढले नव्हते. मोजणाऱ्याचा शब्द बदलला होता. २०११ मध्ये आठ प्रकार विचारले गेले आणि संख्या २ कोटी ६८ लाखांवर गेली.

राज्यघटनेतही जुन्या दृष्टीची खूण आहे. सातव्या अनुसूचीत राज्यांच्या विषयांच्या यादीत नववी नोंद अपंग आणि काम देण्याजोगे नसलेल्या व्यक्तींना साहाय्य देण्याविषयीची आहे. अपंग आणि काम न करू शकणारे असे दोघे तिथे एका ओळीत बसवले आहेत, आणि विषय साहाय्याचा आहे. पुढची कित्येक दशके सरकारी योजना याच चौकटीत राहिल्या, म्हणजे अनुदान, निर्वाह भत्ता, आश्रमशाळा. हक्काची भाषा आली ती १९९५च्या कायद्याने. त्याचे नाव मराठीत अपंग व्यक्ती (समान संधी, हक्कांचे संरक्षण व संपूर्ण सहभाग) अधिनियम असे होते. त्यात सात प्रकार होते आणि वैद्यकीय अधिकाऱ्याने किमान ४० टक्के अपंगत्व प्रमाणित केले तरच माणूस कायद्याच्या आत येत होता. ३९ टक्के असलेला मनुष्य त्या कायद्यापुरता अपंगच नव्हता.

भारताने संयुक्त राष्ट्रांच्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या करारावर मार्च २००७ मध्ये स्वाक्षरी केली आणि त्याच वर्षी १ ऑक्टोबरला त्याला मान्यता दिली. त्या कराराच्या अनुषंगाने झालेला २०१६चा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याची व्याख्या मी लोकांना सावकाश वाचून दाखवते. दीर्घकालीन शारीरिक, मानसिक, बौद्धिक किंवा ज्ञानेंद्रियांची उणीव असलेली आणि वाटेतील अडथळ्यांशी गाठ पडल्यामुळे समाजात इतरांच्या बरोबरीने पूर्ण सहभाग घेऊ न शकणारी व्यक्ती, असा तिचा आशय आहे. म्हणजे चार पायऱ्या हा आता कायद्याच्या व्याख्येचाच भाग झाला. सातचे एकवीस प्रकार झाले. ‘मतिमंदत्व’ जाऊन बौद्धिक अक्षमता आली, जरी १९९९च्या राष्ट्रीय न्यासाच्या कायद्याच्या नावात जुना शब्द अजून तसाच आहे.

याच काळात पहिला प्रवाहही वाहत होता. २७ डिसेंबर २०१५ रोजी पंतप्रधानांनी आकाशवाणीवरील ‘मन की बात’मध्ये विकलांगऐवजी दिव्यांग म्हणावे असे सुचवले. काही आठवड्यांतच अपंग हक्क संघटनांनी जाहीर पत्र लिहून हरकत घेतली. तरी २०१६ मध्ये केंद्रीय विभागाच्या हिंदी नावात दिव्यांगजन आले, आणि महाराष्ट्रातही अपंग कल्याण आयुक्तालय, अपंग वित्त व विकास महामंडळ ही नावे हळूहळू दिव्यांग झाली. डिसेंबर २०२२ मध्ये राज्याने स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागच काढला. येथे एक बारीक गोष्ट नोंदवायला हवी. २०१६च्या कायद्याचे इंग्रजी नाव अपंगत्व असलेल्या व्यक्तींच्या हक्कांचेच आहे, त्यात दैवी काही नाही. दिव्यांग आले ते हिंदी आणि मराठी नावांत. इंग्रजी वाचणाऱ्याला सरकार हक्काच्या भाषेत सांगते आणि मराठी वाचणाऱ्याला त्याच कायद्याविषयी दिव्यत्वाच्या भाषेत, हे मला पटत नाही.

दिव्यांग या शब्दाला विरोध करणाऱ्यांचे म्हणणे असे, की शतकानुशतके अपंगत्वाला मागल्या जन्मीच्या पापाचे फळ म्हटले गेले आणि आता त्याला देवाची देणगी म्हटले जाते. दोन्ही वेळी कारण आभाळात शोधले जाते आणि जमिनीवरची इमारत, बस, शाळा यांचा विषय निघत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या समितीने २०१९ मध्ये भारताच्या अहवालावर अभिप्राय देताना या शब्दाचा वादग्रस्त म्हणून उल्लेख केला होता. तरीही सगळे अपंग याच मताचे आहेत असे समजू नका. ‘अपंग’ हा शब्द घरात, रस्त्यावर शिवीसारखा ऐकलेल्या अनेकांना दिव्यांग ऐकून खरोखर बरे वाटते, आपल्या खानदेशातही वाटते, आणि त्यांचे बरे वाटणे खोटे ठरवण्याचा अधिकार कोणाला नाही. कर्णबधिर मंडळींचा आग्रह आणखी वेगळा असतो. मूकबधिर म्हटलेले त्यांतील अनेकांना चालत नाही, कारण त्यांची स्वतःची सांकेतिक भाषा आहे आणि ते मुके नाहीत.

नाव आणि व्याख्या यांतला फरक आपल्याच भागातील एका उदाहरणाने सांगते. सातपुड्यात, नंदुरबार जिल्ह्यातील धडगाव, अक्कलकुवा पट्ट्यात आणि तुमच्या शिरपूरच्या डोंगराळ भागात, भिल्ल आणि पावरा समाजांत सिकलसेल हा रक्ताचा आजार आढळतो. सिकलसेल असलेल्या मुलीचे हातपाय, डोळे, कान सगळे शाबूत असते. मग अचानक हाडांत असह्य वेदना उठतात, ती दिवसचे दिवस अंथरुणाला खिळते, रक्त चढवावे लागते, शाळेतील हजेरी तुटते. १९९५च्या कायद्यात ती कुठेच नव्हती. २०१६च्या यादीत सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया आले आणि ती पहिल्यांदा कायद्याला दिसली.

एका पावरा बापाने आपल्या अशा मुलीचा अर्ज माझ्यासमोर भरला. रक्ततपासणीचा जुना, घडी पडून फाटत आलेला कागद त्याने प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणला होता. पहिली गोष्ट तपासावी लागते ती ही, की मुलगी रुग्ण आहे की वाहक. आईबापांपैकी एकाकडून दोष आलेला वाहक सहसा निरोगी असतो आणि तो या प्रकारात बसत नाही. दोघांकडून आलेला असेल तरच आजार. तपासणीच्या कागदावर वाहकासाठी ‘एएस’ आणि रुग्णासाठी ‘एसएस’ असे लिहिलेले असते, आणि नुसत्या ‘सिकलसेल पॉझिटिव्ह’ एवढ्या शेऱ्यावर अर्ज केला तर तो अडकतो. मग स्वावलंबन संकेतस्थळावर अर्ज, जिल्हा रुग्णालयातील तपासणी आणि टक्केवारी. टक्के ४० पेक्षा कमी असतील तर ओळखपत्रावर पांढरी पट्टी येते, ४० ते ८० च्या आत पिवळी, ८० आणि वर निळी. वेदना महिन्यातून काही दिवस येते आणि तपासणीच्या दिवशी नसते, म्हणून रुग्णालयात भरती झाल्याचे आणि रक्त चढवल्याचे जुने कागद सोबत ठेवणे फार महत्त्वाचे असते. या संपूर्ण प्रवासात त्या मुलीला दिव्यांग म्हटले काय किंवा भिन्नक्षम म्हटले काय, काही हलत नाही. हलते ते यादीत ‘सिकलसेल आजार’ हे दोन शब्द आहेत म्हणून. तिची ‘भिन्न क्षमता’ कोणती, असे त्या बापाला विचारायला कोणाचीही जीभ रेटणार नाही.

४० टक्क्यांची रेघ मात्र अजून आहे. नव्या कायद्यात ४० टक्के आणि त्याहून अधिक असेल तर त्याला लक्षणीय दिव्यांगत्व म्हणतात, आणि सरकारी नोकरीतील चार टक्के आरक्षण त्यांनाच मिळते. पण व्याख्येत बसणारा प्रत्येक जण, टक्के कमी असले तरी, भेदभाव न होण्याचा आणि वाजवी तजवीज मिळण्याचा हक्कदार आहे. हे ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या निकालात सांगितले. लिहिताना हात आखडणाऱ्या त्या उमेदवाराला आयोगाने लेखनिक नाकारला होता, कारण त्याच्याकडे ४० टक्के नव्हते. न्यायालयाने म्हटले की लेखनिकाची सोय त्या रेघेपुरती मर्यादित ठेवता येणार नाही. कार्यालयात ‘चाळीस नाही, मग काही नाही’ असे सांगितले जाते तेव्हा हा निकाल सांगावा.

आता तुमचा प्रश्न. सरकारशी पत्रव्यवहार करताना, योजनेचे नाव लिहिताना, ग्रामपंचायतीच्या ठरावात दिव्यांग हाच शब्द वापरा, कारण शासन निर्णय, निधीचे लेखाशीर्ष आणि कार्यालयाचे नाव त्याच शब्दाने आहे. तुमच्या तत्त्वासाठी कोणाचा अर्ज भलत्या टेबलावर जायला नको. वाचनालयाच्या स्वतःच्या लिखाणात ‘अपंग व्यक्ती’ किंवा ‘अपंगत्व असलेल्या व्यक्ती’ लिहिणे माझ्या मते सर्वांत स्वच्छ. एखाद्याविषयी लिहायचे असेल तर नेमके लिहा: अंध, अल्पदृष्टी, कर्णबधिर, अस्थिव्यंग, बौद्धिक अपंगत्व असलेली. आणि माणूस समोर असेल तर त्यालाच विचारा, म्हणजे तो स्वतःला काय म्हणवतो ते कळेल. तुमच्या गावच्या तरुणाने तर न विचारता सांगितले आहे. लंगडा, मुका, वेडा हे शब्द मात्र सोडाच, ते घरात लाडाने म्हटले जात असले तरी. काही जण मला विचारतात, की ‘अपंग’ म्हटले तर आता गुन्हा होतो का. २०१६च्या कायद्यात बंदी घातलेल्या शब्दांची यादी नाही. चारचौघांत अपमान करण्याच्या हेतूने मुद्दाम हिणवणे हा कलम ९२ खाली गुन्हा आहे आणि त्याला सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद आहे; तिथे शब्दापेक्षा हेतू पाहिला जातो.

सत्काराविषयी माझे मत स्पष्ट आहे. अपंग असणे हे सत्काराचे कारण होऊ शकत नाही. कोणी वाचनालयासाठी काम केले असेल, परीक्षेत यश मिळवले असेल, गावात चांगले दुकान चालवले असेल, तर त्या कामासाठी करा, जसा इतर कोणाचा कराल तसा. ३ डिसेंबरचा फलक मी असा लिहीन: ‘जागतिक दिव्यांग दिन. वाचनालयात प्रत्येकाला येता यावे यासाठी काय करावे लागेल, याविषयी बैठक. अपंग वाचकांनी आणि त्यांच्या घरच्यांनी अवश्य यावे. बैठक अंगणात होईल.’ शेवटचे वाक्य विसरू नका, नाहीतर बैठकही पायऱ्यांवरच्या दालनात भरेल आणि ज्यांच्यासाठी भरवली तेच खाली राहतील.

पायऱ्यांचे गणित सोपे आहे, पण गावोगाव नेमके तेच चुकते. एक पायरी साधारण १५ सेंटीमीटरची धरली तर चार पायऱ्यांची उंची ६० सेंटीमीटर झाली. रॅम्पचा चढ एकास बारा असावा लागतो, म्हणजे प्रत्येक एक सेंटीमीटर उंचीसाठी बारा सेंटीमीटर लांबी. तुमच्या वाचनालयाला ७.२ मीटर लांबीचा, म्हणजे साडेतेवीस फुटांहून थोडा अधिक रॅम्प लागेल. रुंदी किमान १.२ मीटर ठेवा, दोन्ही बाजूंना कठडा घ्या, आणि दारासमोर सपाट जागा सोडा, कारण चढावर उभे राहून दार ओढता येत नाही. अंगण तेवढे लांब नसेल तर मध्ये दीड मीटरची सपाट जागा ठेवून रॅम्प वळवून घ्या, म्हणजे प्रत्येकी ३.६ मीटरचे दोन टप्पे होतील. ठेकेदार बहुधा पायऱ्यांवरच सिमेंट ओतून उतार करून देतात. चार पायऱ्यांची आडवी लांबी जेमतेम सव्वा मीटर असते, म्हणून तो उतार एकास दोनचा होतो आणि त्यावर तीनचाकी मागे घसरते किंवा उलटते. त्यावर गुळगुळीत फरशी बसवली तर पावसाळ्यात कुबडीवाल्यालाही धोका. बिल देण्याआधी त्या तरुणाला त्याच्या सायकलसह एकट्याने, कोणीही न ढकलता, वर जाऊन खाली येऊ द्या.

खर्चाविषयी सांगायचे तर ग्रामपंचायतींनी स्वतःच्या उत्पन्नातील पाच टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावी असा राज्य शासनाचा आदेश आहे. वाचनालयाची इमारत पंचायतीची असेल तर रॅम्पची मागणी ग्रामसभेत ठेवा आणि ठरावात आताच सांगितलेली मापे लिहून घ्या. इमारत खासगी असली तरी लोकांसाठी खुली असल्यामुळे ती कायद्याच्या दृष्टीने सार्वजनिक इमारतच आहे, आणि अशा सर्व जुन्या इमारती सुगम करण्यासाठी कलम ४५ने पाच वर्षे दिली होती. कायद्याचे नियम १५ जून २०१७ रोजी आले, म्हणून ती मुदत २०२२ मध्येच संपली. पुढे राजीव रतुरी प्रकरणात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की सुगमतेची मानके नुसत्या शिफारसी म्हणून ठेवता येणार नाहीत, त्यांतील किमान भाग सक्तीचा करावा लागेल. ग्रामसेवक ‘ही फक्त मार्गदर्शक तत्त्वे आहेत’ असे म्हणाले तर या निकालाची तारीख सांगा. ठराव होऊनही काम पुढे सरकले नाही, तर त्याची प्रत जोडून पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे लेखी तक्रार करा. तक्रार त्या तरुणाच्या सहीने आणि वाचनालयाच्या पाठिंब्याने गेलेली बरी, आणि त्यात त्याने स्वतःसाठी कोणता शब्द लिहायचा हे त्यालाच ठरवू द्या.